अनोळखी लोकांच्या नेटवर्किंग कार्यक्रमात शिरताना: दार, घोळका आणि पहिलं वाक्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथे फक्त पहिल्या चार-पाच मिनिटांबद्दल लिहिलं आहे. दारातून आत येणं, कुठल्या घोळक्याकडे जायचं ते ठरवणं आणि तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडणं, एवढंच. पुढच्या गप्पा, कार्डांची देवाणघेवाण, नंतरचे फोन हे विषय वेगळे आहेत. बहुतेकांचं घोडं अडतं ते या पहिल्या टप्प्यातच.

दारातून आत शिरल्याबरोबर काय करायचं?

उंबरठ्यावर थांबू नका. बहुतेक जण नेमकं तेच करतात: दारात उभं राहून हॉलभर नजर फिरवतात. मागून येणारे खोळंबतात, आतल्या लोकांना एक बावरलेला माणूस दिसतो आणि त्या गडबडीत नीट काही पाहूनही होत नाही. आत या, चार-पाच पावलं चाला आणि दाराच्या एका बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर थांबा. पाठ भिंतीला टेकवू नका. टेकून उभा असलेला माणूस कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं.

त्याआधी, नावाचा बिल्ला घेतानाच दोन कामं उरकून घ्या. बिल्ला उजव्या खांद्याखाली, छातीच्या वरच्या भागात लावा. उजवा हात पुढे करताना समोरच्याची नजर आपसूक त्याच बाजूला जाते. गळ्यात अडकवायचा बिल्ला असेल तर दोरी आखूड करा, नाहीतर तो पोटावर लोंबतो आणि नाव वाचायला समोरच्याला मान खाली घालावी लागते. दुसरं काम हात मोकळे करण्याचं. जड बॅग आणि जाडजूड जाकीट ठेवायची सोय असेल तर तिथेच ठेवा. डाव्या हातात फार तर एक पेला असू द्या.

मग दीड-दोन मिनिटं नुसतं बघा. फोन खिशातच राहू द्या. फोनवर खिळलेल्या नजरेला घोळके दिसत नाहीत, आणि एकदा त्यात डोकं घातलं की दहा मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

या दोन मिनिटांत नेमकं काय बघायचं?

कोण महत्त्वाचं आहे ते शोधू नका. ते नंतर आपोआप कळतं. बघायचा तो घोळक्यांचा आकार: कोण कुणाकडे तोंड करून उभा आहे, कुठल्या घोळक्याची एक बाजू रिकामी आहे, कुठे कुणी नुसतंच उभं आहे. ध्वनिवर्धक कुठे लावलेत तेही बघून ठेवा. ध्वनिवर्धकाखालच्या घोळक्यात तुमचं पहिलं वाक्य तीनदा बोलावं लागेल, आणि तिसऱ्यांदा बोललेल्या कुठल्याही वाक्यात जीव उरत नाही.

कुठल्या घोळक्यात जागा आहे हे दुरून कसं ओळखायचं?

चेहऱ्यांपेक्षा पाय आणि धड बघा. ॲडम केंडन या संशोधकाने उभ्याने बोलणाऱ्या माणसांची चित्रफीत बारकाईने तपासून एक साधी गोष्ट दाखवून दिली. बोलणारी माणसं आपापली शरीरं अशी लावून घेतात की मध्ये सगळ्यांच्या वाट्याची एक मोकळी जागा तयार होते. ती जागा सगळे मिळून राखतात. एकजण सरकला की बाकीचेही सरकतात आणि आकार पुन्हा जमतो. बाहेरच्या माणसाने त्या मोकळ्या जागेत घुसायचं नसतं. तिच्या कडेवर आपल्यासाठी एक जागा मिळवायची असते. निम्मं काम या एका समजुतीने सोपं होतं.

आता आकार. दोघं अगदी समोरासमोर उभे असतील, बूट एकमेकांच्या दिशेने रोखलेले, खांदे समांतर, तर ते बंद आहे. तिथे जाऊ नका, मग दोघं कितीही हसत असोत. उलट दोघं काटकोनात उभे असतील, दोघांचीही एक बाजू हॉलकडे उघडी असेल, तर तिसऱ्याला जागा आहे. असे दोघं पुष्कळदा आपण होऊनच कुणीतरी येण्याची वाट बघत असतात.

तिघं-चौघं पूर्ण गोल करून, खांद्याला खांदा लावून उभे असले की ते कोंडाळं झालं. त्यात शिरायचं तर कुणालातरी मागे सरावं लागतं, आणि ते कष्ट अनोळखी माणसासाठी कुणी सहसा घेत नाही. पण तेच तिघं घोड्याच्या नालासारखे उभे असतील, म्हणजे एक बाजू उघडी, तर ती उघडी बाजू म्हणजे तुमचं दार.

पाय नेहमी खरं सांगतात का?

नाही. गर्दीत माणसं जागा मिळेल तशी उभी राहतात. गोंगाटात ऐकू यावं म्हणून एकमेकांकडे झुकतात, त्यामुळे उघडा घोळकाही बंद दिसतो. उंच गोल टेबलाभोवती तर सगळ्यांची तोंडं मध्याकडेच असतात, कारण पेले टेबलावर आहेत. तिथे पायांपेक्षा टेबलाच्या कडेवर रिकामी जागा किती आहे ते बघा. दोन पेल्यांमध्ये तुमचा पेला सहज मावत असेल तर तुम्हीही मावता.

आणखी एक खूण उपयोगी पडते. घोळक्यातल्या एखाद्याची नजर अधूनमधून बाहेर भटकतेय का? त्याला बदल हवाय. तुमचा पहिला दुवा तोच.

किती जणांचा घोळका निवडावा?

तिघांचा. इतर अटी सारख्या असतील तर डोळे झाकून तिघांचा.

कारण असं. रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या गप्पांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात दिसलं की एका संभाषणात साधारण चार माणसंच टिकतात. पाचवा आला की घोळका दिसायला एक राहतो, पण गप्पा दोन होतात. म्हणजे तिघांत तुम्ही चौथे म्हणून गेलात तर एका संभाषणात पुरेपूर मावता. चौघांत पाचवे म्हणून गेलात तर गप्पा फुटण्याची शक्यता मोठी. फुटल्या तर बरंच, कारण तुम्हाला शेजारचा एकजण बोलायला मिळतो. पण ते तुमच्या हातात नसतं. दोन जोड्या जमतात आणि मधोमध तुम्ही, असंही होतं.

दोघांत गेलात तर तुम्ही संभाषणाचा एक तृतीयांश भाग झालात. जमलं तर उत्तम, पण चूक झाली तर तीही तेवढीच मोठी दिसते. सहा-सात जणांच्या घोळक्यात बहुतेक वेळा एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. तिथे शिरणं सगळ्यांत सोपं, कारण कुणी तुमच्याकडे लक्षच देत नाही. म्हणूनच तिथे ओळखही होत नाही. दम खायला ती जागा चांगली, कामाला नाही.

एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जावं का? ते जास्त सोपं नाही का?

सोपं आहे, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत, घोळके जमायच्या आधी, तेच करावं. त्या वेळी जवळजवळ सगळेच एकटे असतात, त्यामुळे कुणी कुणाकडे गेलं तरी त्यात काही विशेष वाटत नाही. लवकर पोचण्याचा खरा फायदा हाच. उशिरा पोचलेल्याला जमलेले घोळके फोडावे लागतात, लवकर आलेल्याभोवती घोळका जमतो.

उशिरा मात्र एकटा दिसणारा माणूस नीट पारखून घ्या. तो हॉलकडे तोंड करून उभा असेल, नजर फिरत असेल, तर जा. हॉलकडे पाठ करून फोनवर बोलत असेल किंवा भराभर टाइप करत असेल तर त्याला एकांत हवाय. फोनच्या पडद्यावर नुसताच अंगठा फिरवत असलेला माणूस या दोघांच्या मधला. त्याच्याजवळून सावकाश जा. त्याने मान वर केली तर थांबा, नाही केली तर पुढे चालू पडा.

घोळका ठरला. आता जवळ कसं जायचं?

चालण्याचा वेग रोजच्यापेक्षा थोडा कमी ठेवा, दिशा सरळ ठेवा. आधी लांबून एकाशी नजर भेटू द्या, हलकीशी मान हलवा. चालताना त्याच्याकडे टक लावू नका, नजर थोडी बाजूला घ्या आणि जवळ पोचल्यावर पुन्हा त्याच्याकडे बघा. हे काही युक्तीचं शास्त्र नाही, माणसं एरवीही असंच करतात. केंडन आणि ॲन्ड्र्यू फर्बर यांनी 1973 मध्ये समारंभांतल्या अभिवादनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हाच क्रम सापडतो: लांबून खूण, मग चालताना नजर दुसरीकडे, मग जवळचं अभिवादन. घाबरलेला माणूस मधली पायरी गाळतो आणि पूर्ण वेळ डोळे रोखून चालत येतो. समोरच्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं.

उघड्या बाजूने जा, कुणाच्या पाठीमागून नाही. पाठीमागून आलात की खांद्यावर थोपटावं लागतं किंवा आवाज चढवावा लागतो, आणि दोन्हींनी माणूस दचकतो.

थांबायचं कुठे? जवळच्या माणसापासून सव्वा मीटरच्या आसपास. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी माणसामाणसांतल्या अंतरांची जी विभागणी केली, तिच्यात ओळखीच्यांचं अंतर साधारण 45 सेंटिमीटरपासून 1.2 मीटरपर्यंत जातं आणि औपचारिक अंतर तिथून पुढे सुरू होतं. म्हणजे तुम्ही त्या सीमारेषेवर उभे राहता: ऐकू येईल इतके जवळ, पण अजून आत न आलेले. हे आकडे हॉल यांनी अमेरिकेतल्या निरीक्षणांवरून काढले होते, तेव्हा ते दगडावरची रेघ समजू नका. गर्दीच्या हॉलमध्ये सगळंच आखडतं. सोपं माप हवं असेल तर दोघांनीही हात पुढे केले तर बोटांची टोकं जेमतेम एकमेकांना टेकतील, इतकं अंतर.

बोलणारा बोलत असताना काय करायचं?

गप्प राहायचं. बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्यांपैकी एकाकडे बघायचं. बोलणाऱ्याशी नजर मिळवली तर त्याची गाडी रुळावरून घसरते आणि व्यत्ययाचं पाप तुमच्या माथी येतं. ऐकणारा मोकळा असतो. तो तुमच्याकडे बघून हसतो, अर्धं पाऊल मागे किंवा बाजूला सरकतो आणि फट थोडी रुंद होते.

हे अर्धं पाऊल म्हणजेच परवानगी. शब्दांतून ती क्वचितच मिळते. पाऊल सरकलं की तुम्हीही अर्धं पाऊल पुढे या आणि कडेवर उभे राहा. आता तुम्ही घोळक्यात आहात, अजून एक अक्षरही न बोलता. विषय कळला तर मान डोलवा, हसण्यासारखं असेल तर हसा. पण गोष्ट कळलीच नसेल तर खोटं खोटं हसू नका. कुणीतरी लगेच विचारतं, "तुम्हालाही आलाय का हा अनुभव?", आणि मग फजिती.

पहिलं वाक्य कोणतं बोलावं?

बोलण्यात पहिली उसंत मिळाली की बोला. वाक्याची तीन कामं आहेत: आपण आलोय हे सांगणं, चाललेलं बोलणं मोडायचं नाही हे दाखवणं आणि नाव सांगणं. याहून जास्त ओझं पहिल्या वाक्यावर टाकू नका.

तिघांच्या घोळक्यासाठी हे चालतं:

"नमस्कार. इथे थांबले तर चालेल ना? मी अमुक. तुमचं चालू द्या."

साधं वाटेल, पण यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. "थांबले तर चालेल ना" याला "हो हो, या ना" याशिवाय दुसरं उत्तर देणं कठीण, कारण मागणी अगदी लहान आहे. तुम्ही फक्त थांबायला विचारलंत, लक्ष मागितलं नाहीत. त्यातला "ना" महत्त्वाचा. "चालेल का?" म्हटलं की प्रश्न खरोखरचा होतो आणि नकाराला वाव राहतो. "तुमचं चालू द्या" याने सगळ्यांवरचा ताण उतरतो, कारण आता आपली ओळख करून द्यायची, विषय समजावून सांगायचा, हे ओझं त्यांच्यावर उरत नाही. गंमत म्हणजे हे म्हटल्यावर बहुतेक वेळा ते स्वतःच थांबतात आणि विषय समजावून सांगतात.

काटकोनात उभ्या असलेल्या दोघांसाठी:

"नमस्कार, काही खासगी चाललंय का, की मीही येऊ?"

यात बाहेर पडायची वाट त्यांना तुम्हीच देता. खरंच खासगी असेल तर "जरा पाच मिनिटं" म्हणायला त्यांना संकोच वाटत नाही आणि तुमचाही पाणउतारा होत नाही.

एकट्यासाठी:

"नमस्कार, मी अमुक. मी इथे कुणालाच ओळखत नाही, म्हटलं तुमच्यापासून सुरुवात करावी."

हे खरं असेल तरच म्हणा. पाच मिनिटांनी कुणी लांबून तुम्हाला नावाने हाक मारली तर हे वाक्य अंगाशी येतं.

कुठली वाक्यं फसतात?

"सॉरी हं, डिस्टर्ब करतोय." यातून समोरच्याला कळतं की डिस्टर्ब होतंय. त्याआधी कदाचित होतही नव्हतं. शिवाय माफी मागितली की समोरच्याला "नाही नाही, छे" म्हणून समजूत काढावी लागते, आणि ओळखीची सुरुवात समजूत काढण्याने होते.

"काय विषय चाललाय?" वरवर निरुपद्रवी, पण यात तिघांपैकी कुणालातरी आतापर्यंतच्या गप्पांचा सारांश सांगायची जबाबदारी घ्यावी लागते. तिघं एकमेकांकडे बघतात, कुणीतरी "असंच, काही नाही" म्हणतं आणि विषय जागीच मरतो.

"तुम्ही काय करता?" हा प्रश्न वाईट नाही, त्याची वेळ चुकते. पहिल्याच वाक्यात आला की चौकशीसारखा वाटतो, जणू उत्तर ऐकून तुम्ही थांबायचं की जायचं ते ठरवणार आहात. तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आला तर त्याच प्रश्नाचं कुणालाच काही वाटत नाही.

"ओळखलंत का?" हे कधीच नको. नाही ओळखलं तर दोघंही अडचणीत. त्याऐवजी आपणच उलगडा करा: "आपण मागच्या कार्यक्रमात भेटलो होतो, मी अमुक."

आणि कार्ड आधी पुढे करणं. ते वाक्य नाही, पण वाक्याइतकंच बोलतं: मी विकायला आलोय.

"आपण?" असं विचारलं तर किती सांगायचं?

नाव, आणि काम एका छोट्या वाक्यात. नाव सांगताना पहिलं नाव, किंचित थांबा, मग आडनाव. गोंगाटात दोन्ही चिकटून बोलली तर एकही कळत नाही.

कामाचं वाक्य असं असावं की त्यातून पुढचा प्रश्न सुचेल. "मी सल्लागार आहे" यावर "अच्छा" याखेरीज काय म्हणणार? "मी गोदामांतल्या मालाची मोजणी सोपी करून देतो" यावर "म्हणजे कशी?" हा प्रश्न आपसूक येतो. हुद्दा, कंपनीचं पूर्ण नाव, किती वर्षं झाली, हे सगळं तेव्हा राहू द्या. वाक्य संपवा आणि चेंडू परत द्या, शक्यतो त्यांच्याच चालू विषयाला धरून: "तुम्ही मघाशी भाड्याबद्दल काहीतरी म्हणत होतात ना?"

हात मिळवायचा की नमस्कार?

घोळका तिघांहून मोठा असेल तर एकच नमस्कार, सगळ्यांकडे नजर फिरवत. चौघांशी हात मिळवण्यात बरीच सेकंदं जातात, मधल्या मोकळ्या जागेतून हात आडवे जातात, पेले सांभाळावे लागतात आणि बोलणं पूर्ण थांबतं. एकटा माणूस किंवा दोघं असतील तर हात मिळवणं ठीक, पण समोरच्याचा हात मोकळा आहे का ते आधी बघा. समोरची व्यक्ती हात पुढे करेल का याची शंका असेल तर नमस्कारच करा. त्यांनी हात पुढे केला तर तुम्ही सहज मिळवू शकता, उलट झालं तर तुमचा हात हवेत राहतो. पेला डाव्या हातात ठेवायचा तो याचसाठी, म्हणजे उजवा हात कोरडा आणि उबदार राहतो.

"तुम्ही" म्हणावं, "आपण" की "तू"?

"तुम्ही". समोरचा पंचविशीतला दिसत असला तरीही. "आपण" म्हटलं तर चूक नाही, पण ते सलग टिकवणं कठीण. दोन वाक्यांनी माणूस "तुम्ही"वर घसरतो आणि ती घसरण जाणवते. "सर", "मॅडम" समोरच्याच्या हुद्द्याची कल्पना असेल तरच वापरा. चौघांत एकालाच "सर" म्हटलं की उरलेल्या तिघांना तुम्ही नकळत खाली बसवलंत. "तू" त्यांच्याकडून येऊ द्या.

आपण नको आहोत हे कसं कळतं?

पाय हलत नाहीत. तुम्ही कडेला येऊन उभे राहिलात, नजर मिळाली, कुणी हसलंही, पण कुणाचंही अर्धं पाऊल सरकलं नाही आणि खांद्यांचा कोन तसाच राहिला, तर दार बंद आहे. माणसं फक्त मान वळवून तुमच्याशी बोलतात, धड वळवत नाहीत, हीसुद्धा तीच खूण. दहा-पंधरा सेकंद थांबा, त्याहून जास्त नाही.

मग निघा. मागे मागे सरकत नाही, तर वळून, जणू वाटेत थांबला होतात: "छान, तुमचं चालू द्या, मी जरा पाणी घेऊन येतो." आणि खरोखर पाण्याच्या टेबलाकडे जा. तिथे बहुतेक वेळा तुमच्यासारखाच आणखी कुणीतरी घोळक्यातून सुटून आलेला असतो.

इथे एक सावधगिरी. निर्णय शरीराच्या खुणांवरून घ्या, आपल्या मनातल्या "मी त्यांना आवडलो नाही" या आवाजावरून नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की नव्या माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला कितपत आवडलो याचा अंदाज माणसं पद्धतशीरपणे कमी लावतात. तुमच्या मनातला मापकाटा उणे दाखवतो, हे गृहीत धरूनच चाला.

एखादं उदाहरण घेऊन दाखवाल का?

समजा, कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झालाय. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. तुम्ही भिंतीजवळ उभं राहून पाच ठिकाणं टिपलीत. खिडकीपाशी दोघं समोरासमोर, एकाचा हात दुसऱ्याच्या दंडावर. उंच टेबलाभोवती चौघं, एकजण रंगात येऊन काहीतरी सांगतोय. चहाच्या टेबलाजवळ तिघं, नालासारखे, उघडी बाजू चहाकडे. व्यासपीठापाशी प्रमुख पाहुण्यांभोवती सात-आठ जणांचा गराडा. आणि खांबाशेजारी एक बाई हॉलकडे पाठ करून फोनवर.

खिडकी बंद आणि खांब बंद. गराड्यात ओळख होणार नाही. उरले टेबलावरचे चौघं आणि चहाजवळचे तिघं. चौघांत गोष्ट रंगात आहे, शिवाय तुम्ही पाचवे. म्हणून चहा. त्यातही तिघांपैकी डावीकडचा माणूस दोनदा हॉलकडे बघताना दिसलाय, तो तुमचा दुवा.

तुम्ही आधी चहाच घेता. हातात पेला, तोंडावर कारण. चहाच्या टेबलावरून वळलात की समोर नालाची उघडी बाजू आहे. डावीकडच्याशी नजर मिळते, तुम्ही मान हलवता, दोन पावलं येऊन थांबता. मधल्या बाई जागेच्या भाड्याबद्दल काही सांगताहेत. डावीकडचा हसून अर्धं पाऊल सरकतो. तुम्ही कडेला उभे राहता आणि ऐकता. बाई श्वास घ्यायला थांबतात.

"नमस्कार. इथे थांबलो तर चालेल ना? मी अमुक. तुमचं चालू द्या."

"या ना. आम्ही ऑफिसच्या जागेचं रडगाणं गातोय."

"मग मला ऐकलंच पाहिजे, माझाही करार संपत आलाय."

इथे थांबायचं. खरं असेल तर बोलायचं, आणि बोलून गप्प बसायचं. आता बाईंना सांगायला एक नवा श्रोता आहे, त्या तुमच्याकडे धड वळवून बोलू लागतात. दोन-तीन मिनिटांत डावीकडचा हळूच विचारतो, "तुम्ही कशात आहात?" गप्पा दोन-दोन अशा फुटतात, आणि जो माणूस बाहेर बघत होता तोच तुमच्या वाट्याला येतो.

बिघडू शकलं असतं ते कुठे? तुम्ही चहा न घेता सरळ आलात असतात तर उघड्या बाजूने यायला कारण नव्हतं. बाई बोलत असताना तुम्ही नाव सांगितलं असतं तर त्यांचं वाक्य तुटलं असतं आणि पुन्हा जुळलं नसतं. "माझाही करार संपत आलाय" यानंतर तुम्ही आपलीच कहाणी लावली असती तर तिघांचा विषय तुम्ही बळकावला असता. यातली शेवटची चूक सगळ्यांत सर्रास होते.

ओळखीचा माणूस दिसला तर त्याच्यापासून सुरुवात करावी का?

दोन मिनिटं, जास्त नाही. पॉल इन्ग्रॅम आणि मायकल मॉरिस यांनी 2007 मध्ये अशाच एका कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवीन माणसांना भेटायचंय असं आधी सांगणाऱ्यांनीही आपला साधारण अर्धा वेळ ओळखीच्याच लोकांशी बोलण्यात घालवला. ओळखीचा माणूस घोळक्यात असेल तर मात्र त्याचा उपयोग करा. त्याने तुमचं नाव सांगितलं की परवानगीचा प्रश्नच मिटतो. तो एकटा असेल तर दोघं मिळून तिसऱ्या कुणाकडे जा, पण काटकोनात उभे राहा. समोरासमोर उभे राहिलात तर तुम्हीच खिडकीपाशचे ते दोघं होता.

ज्यांना भेटायचंय ते नेमके गराड्यात आहेत. मग?

गराड्यात शिरू नका. कडेला, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पण त्यांच्या वाटेवर नाही, असे उभे राहा. गराडा सुटतो तेव्हा ते दार, चहा किंवा व्यासपीठ यांपैकी कुठेतरी जातात. चालत्या माणसाला थांबवायचं वाक्य आणखी छोटं हवं: "नमस्कार, मी अमुक. एकच प्रश्न विचारायचा होता, आत्ता की नंतर?" निवड त्यांच्याकडे गेली की ते बहुधा जागीच थांबतात. प्रश्न मात्र खरोखर एकच ठेवा.

पहिल्या अभिवादनातच समोरच्याचं नाव नीट ऐकू आलं नाही तर?

लगेच विचारा: "नाव पुन्हा सांगाल का? आवाजात ऐकू आलं नाही." पहिल्या मिनिटात हे विचारण्यात काहीच गैर नाही. पंधरा मिनिटं गप्पा मारून झाल्यावर विचारणं जड जातं. तशी वेळ आलीच तर बिल्ल्याकडे चोरून बघण्यापेक्षा शेजारच्या नव्या माणसाला पुढे आणा आणि म्हणा, "मी अमुक, आणि हे..." इथे थांबलात की ते स्वतःच नाव सांगतात.